फाट्यावरच्या दुकानदाराची साक्ष

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एखाद्या फाट्यावर किराणा दुकान चालवणारा माणूस धरा. बाजार समितीत सोयाबीन विकून आलेले पैसे पिशवीत घालून एक शेतकरी अंधार पडल्यावर मोटारसायकलने गावाकडे निघाला. फाट्याच्या पुढे दोघांनी त्याला अडवले, सुरा दाखवला आणि पिशवी हिसकावली. तेच दोघे त्याआधी वीसेक मिनिटे या दुकानावर थांबले होते. पाण्याची बाटली आणि सिगारेट घेऊन गेले होते. नंतर तो शेतकरी धापा टाकत याच दुकानात आला आणि त्याने घडलेले सगळे सांगितले. दुकानदाराने सुरा पाहिला नाही, पिशवी हिसकावतानाही पाहिले नाही. तरीही सरकारी वकिलांच्या साक्षीदारांच्या यादीत त्याचे नाव वरच येणार.

हा दुकानदार मी उदाहरणासाठी उभा केला आहे. पण त्याला ज्या वाटेने जावे लागते ती वाट खरी आहे. या वाटेवर माणूस बहुधा कोर्टात मोडत नाही, त्याआधीच मोडतो. जबाब देणे आणि साक्ष देणे यांच्यामध्ये महिने जातात, कधी वर्षे जातात. त्या मधल्या काळात त्याच्या हातात काय असते, हे त्याला कोणी सांगत नाही.

आधी गुन्ह्याचे नाव नीट समजून घेऊ, कारण खटला कोणत्या कोर्टात चालणार हे त्यावर ठरते. गावात आणि वर्तमानपत्रात अशा घटनेला सर्रास दरोडा म्हणतात. कायद्यात दरोड्याला पाच किंवा अधिक माणसे लागतात. दोघांनी धाक दाखवून लुटले तर ती जबरी चोरी होते. तिला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर घडली असेल तर चौदा वर्षांपर्यंत. साधी जबरी चोरी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे तालुक्याच्या कोर्टात चालू शकते. पण सुऱ्यासारखे घातक हत्यार वापरल्याचे कलम लागले की कमीत कमी सात वर्षांच्या शिक्षेचा प्रश्न येतो आणि खटला सत्र न्यायालयाकडे जातो. मग दुकानदाराची खेप अकोल्यापर्यंत, सुमारे चाळीस किलोमीटर लांबू शकते. दुकानाला कुलूप लावून जावे लागणार असेल तर हे अंतर चांगलेच जाणवते.

घटनेनंतर पोलीस दुकानावर येतात आणि जबाब लिहून घेतात. इथली पहिली गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तसेच आहे. सही असते ती पंचनाम्यावर आणि ती पंच म्हणून असते. म्हणून कोणी कागद पुढे केला की आपण साक्षीदार आहोत की पंच, हे आधी विचारून घ्यावे. पंच म्हणून सही केली की पंचनाम्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट आपल्यासमोर घडली, असे कोर्टात सांगावे लागते. सुरा कुठून काढला, पिशवी कोणत्या गोठ्यात सापडली, हे सगळे त्यात आले. जे समोर घडलेच नाही त्यावर ‘साहेब म्हणतात म्हणून’ सही केलेला पंच उलटतपासात सगळ्यात आधी कोसळतो.

जबाबावर सही नसली तरी त्याचे वजन कमी नसते. बचाव पक्षाचा वकील पुढे तोच जबाब हातात घेऊन उभा राहतो. त्यामुळे लिहून झाल्यावर तो वाचून दाखवायला सांगणे आणि चुकले असेल ते तिथेच दुरुस्त करून घेणे, यासारखा शहाणपणा नाही. दोघांपैकी एकाचाच चेहरा दिसला असेल तर एकाचाच म्हणावे. मोटारसायकल काळी होती एवढेच दिसले असेल तर कंपनीचे नाव सांगण्याच्या मोहात पडू नये. आपल्या दुकानदाराने दोन गोष्टी पाहिल्या आणि एक गोष्ट ऐकली. ती दोन माणसे दुकानावर आली, त्यांतल्या एकाचा चेहरा दिव्याखाली दिसला आणि लुटल्यावर शेतकरी लगेच येऊन काय म्हणाला ते ऐकले. ऐकीव गोष्ट सहसा पुरावा होत नाही. पण घटनेला जोडून, घाबरलेल्या माणसाने तिथल्या तिथे जे सांगितले ते त्या घटनेचाच भाग मानले जाते आणि ते कोर्टाला ऐकता येते. दुसऱ्या दिवशी गावात जी चर्चा रंगली तिला अशी जागा नाही. आपली साक्ष एवढीच आहे हे दुकानदाराला एकदा समजले की निम्मे ओझे उतरते. चोर कोण हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची नाही, ती सरकार पक्षाची आहे.

इतर साक्षीदारांकडे सहसा नसते अशी एक गोष्ट दुकानदाराकडे असते: वही. त्या रात्री गल्ला मोजताना त्याने उधारीच्या वहीच्या कडेला मोटारसायकलचा अर्धा नंबर टिपून ठेवला असेल, तर ते त्या वेळचे त्याच्या हातचे लिखाण आहे. साक्ष देताना आठवण ताजी करण्यासाठी कोर्टाच्या परवानगीने ते पाहता येते. नेहमीच्या व्यवहारात ठेवलेल्या वहीतल्या नोंदीही पुरावा म्हणून ग्राह्य असतात, मात्र केवळ त्यांच्या आधारावर कोणाला दोषी ठरवता येत नाही. म्हणून ती वही फाडू नये, नव्याने उतरवून काढू नये, नंतर त्यात काही भरही घालू नये. पोलिसांनी वही जप्त केली तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागावी आणि आपल्या हिशेबासाठी पानांचे फोटो काढून ठेवावेत.

दुकानात कॅमेरा असेल तर तिथे आणखी एक बारकावा आहे. चित्रीकरणाची प्रत कोर्टात नुसती देऊन चालत नाही, सोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. दुकानदारासाठी याचा अर्थ सोपा आहे. यंत्रावर जुने चित्रीकरण आपोआप पुसले जाते, म्हणून पोलिसांना लगेच सांगावे, मूळ यंत्र त्यांनाच उघडू द्यावे आणि आपण भावकीच्या मोबाइलवर क्लिप फिरवू नये. फिरलेली क्लिप सगळ्या गावाने पाहिली की ओळख पटवण्याच्या पुराव्यालाच धक्का बसतो.

ओळख परेडचा प्रश्नही असाच नाजूक आहे. आरोपी सापडल्यावर पोलिसांशी संबंध नसलेल्या दंडाधिकाऱ्यासमोर, बहुधा नायब तहसीलदारासारख्या अधिकाऱ्यासमोर, आरोपीला त्याच्या वयाच्या आणि ठेवणीच्या माणसांत उभे करतात. आपल्याकडच्या फौजदारी नियमपुस्तिकेनुसार एका आरोपीमागे निदान सहा माणसे मिसळायची असतात. साक्षीदाराने ओळखले तर ते नोंदवले जाते. पण परेडमधली ओळख आधारापुरतीच असते, खरा पुरावा कोर्टात पिंजऱ्यातून केलेली ओळख हाच. परेडच्या आधी ठाण्यात कोणी आरोपी दाखवला असेल, मोबाइलवर फोटो दाखवला असेल, तर ते लपवू नये. लपवलेले उलटतपासात निघाले की माणूस पूर्ण खोटा ठरतो. सांगून टाकले तर फार तर परेडचे महत्त्व कमी होते, पण माणूस खरा राहतो.

चौकशीसाठी कोणाला ठाण्यात बोलवायचे यालाही मर्यादा आहे. पोलीस लेखी आदेशाने साक्षीदाराला बोलावू शकतात. पण पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरचे पुरुष, कोणत्याही वयाच्या स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी माणसे यांना त्यांच्या राहत्या जागेवरून दुसरीकडे बोलावता येत नाही, त्यांच्याकडेच जावे लागते. फाट्यावरचे दुकान पुष्कळदा घरातली बाई सांभाळत असते. गल्ल्यावर त्या रात्री तीच असेल तर तिला ठाण्याच्या फेऱ्या मारायला लावणे नियमात बसत नाही.

यानंतर बराच काळ काहीच होत नाही. दोषारोपपत्र जाते, आरोपी जामिनावर सुटतात, बाजारात समोरासमोर येतात. दबाव याच काळात येतो, समन्स हातात पडण्याच्या कितीतरी आधी. आणि तो क्वचितच धमकीच्या रूपात येतो. दुकानावर कोणी दूरचा पाहुणा येतो, चहा घेतो आणि म्हणतो, “भाऊ, तुमचं काय गेलं त्याच्यात? अंधार होता, पाह्यलं नाई म्हना, झालं.” मग एखादा कारभारी म्हणतो, गावातले गावातच मिटवू. मग आरोपीच्या वस्तीतली गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानात जाऊ लागतात आणि त्यांच्याकडची उधारी अडकते. शेवटचे बाण सगळ्यात खोल लागतात, कारण त्यांची तक्रार कोणाकडे करायची हेच सुचत नाही.

मिटवण्याच्या भाषेला एक कायदेशीर उत्तर आहे आणि ते प्रत्येक मध्यस्थाला ऐकवण्यासारखे आहे. जबरी चोरी हा तडजोडीने मिटणारा गुन्हाच नाही. साधी चोरी मालकाच्या संमतीने मिटू शकते. पण धाक दाखवून लुटणे त्या यादीत नाही. गावात बसून फिर्यादीला पैसे परत दिले, हात जोडले, स्टॅम्पपेपर केला, तरी खटला चालूच राहतो. अशा ‘तडजोडी’चा कोर्टात एकच अर्थ उरतो: साक्षीदारांनी पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर खोटे बोलायचे. आरोपीला सुटायला मदत होते, शेतकऱ्याला कदाचित पैसे मिळतात, पण खोटी साक्ष दिल्याचा धोका एकट्या दुकानदाराच्या डोक्यावर राहतो. मध्यस्थी करणारा त्या दिवशी कोर्टात नसतो.

उघड धमकी आली तर काय करायचे? साक्ष बदलण्यासाठी एखाद्याला जिवाची, अब्रूची किंवा मालमत्तेची धमकी देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी यावर ठाण्यात ‘कोर्टात जाऊन तक्रार करा’ असे उत्तर मिळत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा दखलपात्र गुन्हा आहे आणि पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. तरीही माझ्या मते दुकानदाराच्या हातातला सर्वांत उपयोगी कागद दुसरा आहे. आरोपी जामिनावर असेल तर साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही, ही अट जामिनाला जवळजवळ नेहमी असते. तारीख, वेळ, कोण आले, काय म्हणाले, तेव्हा दुकानात आणखी कोण होते, एवढे लिहून त्याचा अर्ज तपास अधिकाऱ्याकडे आणि सरकारी वकिलांकडे द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. या अर्जाच्या आधारे जामीन रद्द करण्याची मागणी करता येते. आरोपीच्या घरच्यांना हे कळले की दुकानावरच्या चहाच्या फेऱ्या अनेकदा आपोआप थांबतात. तोंडी सांगितलेली धमकी मात्र कुठेच उरत नाही. फोनवर धमकी आली असेल तर नंबर आणि वेळ टिपून ठेवावी, आवाज ध्वनिमुद्रित झाला असेल तर तो फोन बदलू नये.

संरक्षणाची योजनाही आहे. आसाराम प्रकरणातल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे खून झाले. त्या पार्श्वभूमीवर महेंद्र चावला या साक्षीदाराने आणि इतरांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि राज्यांनी कायदा करेपर्यंत तीच कायदा म्हणून पाळावी असे सांगितले. महाराष्ट्राने त्याआधीच २०१७ चा स्वतःचा साक्षीदार संरक्षण कायदा केला होता, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तर प्रत्येक राज्यावर अशी योजना अधिसूचित करण्याचे बंधन घातले आहे. २०१८ च्या योजनेनुसार जिल्ह्यात प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असते. तिच्यात जिल्हा पोलीस प्रमुख सदस्य आणि जिल्ह्यातल्या सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख सदस्य सचिव असतात. साक्षीदार त्यांच्याकडे अर्ज करतो. मग त्या भागाचे उपविभागीय पोलीस अधिकारी, म्हणजे आपल्या दुकानदारासाठी मूर्तिजापूरचे, धोक्याचा अहवाल तयार करतात. त्यासाठी पाच कामाचे दिवस दिले आहेत आणि अहवाल आल्यावर समितीनेही पाच कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. धोक्याचे तीन वर्ग आहेत: जिवाला धोका, सुरक्षितता किंवा अब्रू-मालमत्तेला धोका, आणि त्रास किंवा दमदाटी.

इथे योजनेची मर्यादा उघड सांगितली पाहिजे. त्यात नाव बदलणे, दुसऱ्या गावी हलवणे असे उपाय लिहिले आहेत. पण फाट्यावर वीस वर्षे दुकान असलेल्या माणसाला ते लागू कसे करणार? त्याला सगळे ओळखतात आणि त्याचे पोटच त्या ओळखीवर चालते. त्याच्या कामाचे आहेत ते छोटे उपाय: गस्तीच्या गाडीने रोज रात्री दुकानावरून फेरी मारणे, थेट फोन उचलणारा एक अधिकारी ठरवून देणे, साक्षीच्या दिवशी सरकारी वाहनाने नेऊन आणणे, कोर्टात आरोपीच्या समोर ताटकळत बसावे लागणार नाही अशी वेगळी जागा. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ दिले जात नाही, म्हणून खटला रेंगाळला की पुन्हा अर्ज करायला विसरू नये. अर्ज करताना ‘धोका आहे’ एवढेच न लिहिता नेमका कोणता उपाय हवा तेही लिहावे. नेमकी मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

शेवटी समन्स येते. पोलीस शिपाई ते दोन प्रतींत आणतो, एक आपल्याकडे ठेवायची आणि दुसरीच्या मागे सही करायची. आता ते मोबाइलवरही पाठवता येते. आपण घरी नसलो तर कुटुंबातल्या सज्ञान माणसाकडे देता येते. दुकानात कामाला असलेला मुलगा कुटुंबात धरला जात नाही. समन्सवर खटल्याचा क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्‌स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखांना काय झाले हे दिसते. मी प्रत्येक साक्षीदाराला हे एक काम आवर्जून शिकवीन. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते पाहिले तर काही वेळा एक फेरी वाचते.

तरीही बऱ्याचदा जाऊन परतच यावे लागते. अकरा वाजता दाराबाहेर उभे राहायचे, पुकाऱ्याची वाट पाहायची आणि दुपारी कळते की आज होणार नाही. आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस बंदोबस्त मिळाला नाही, मुद्देमाल आला नाही, बचावाचे वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, न्यायाधीशांची बदली झाली. आधीच्या संहितेत आणि आताच्याही संहितेत नियम असा आहे की साक्षीदार हजर असताना विशेष कारण लेखी नोंदवल्याशिवाय साक्ष न घेता तारीख देता येत नाही. वकील दुसऱ्या कोर्टात आहे हे कारण चालत नाही. नवीन संहितेने पक्षकाराच्या आवाक्याबाहेरच्या कारणासाठीही दोनपेक्षा जास्त तारखा देण्यास मनाई केली आहे. २००१ मध्ये शंभूनाथ सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हजर साक्षीदारांना परत पाठवण्याच्या या सवयीवर कडक शब्दांत टीका केली होती. त्याआधी २००० मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात साक्षीदाराला कोर्टात कसे कोणी विचारत नाही, त्याला तारखांवर तारखा देऊन कसे थकवले जाते, याचे सविस्तर वर्णन त्याच न्यायालयाने केले. एवढे सगळे सांगून झाल्यावरही तारखा पडतातच, हे मला फार अस्वस्थ करते. कारण तारीख हे बचावाचे हत्यार आहे आणि ते साक्षीदाराच्या आठवणीवर आणि धीरावर चालते.

परत पाठवले तर दुकानदाराने तीन गोष्टी कराव्यात. सरकारी वकिलांना भेटून आपली हजेरी रोजनाम्यात नोंदवायला सांगावी. प्रवासाचा आणि दिवसाचा भत्ता मागावा, तो सरकारने द्यायचा असतो. आणि तारीख बचाव पक्षाने मागितली असेल तर ‘साक्षीदार दुसऱ्यांदा आला आहे, त्याचा खर्च त्यांच्याकडून घ्यावा’ अशी विनंती वकिलांकरवी करावी, कोर्टाला तसा अधिकार आहे. आजारपण किंवा घरी लग्न असेल तर आधीच लेखी कळवावे. पण ‘कुठे काय होणार आहे’ म्हणून गैरहजर राहू नये. समन्स मिळूनही न जाणाऱ्यावर आधी जामीनपात्र, मग पकड वॉरंट निघते, आणि गल्ल्यावर वॉरंट घेऊन आलेला पोलीस पाहिला की गाव आरोपी कोण हेच विसरते. फार लांब गेलेल्या किंवा आजारी साक्षीदाराला दूरदृश्य पद्धतीने साक्ष देता येते, हे महाराष्ट्राच्याच प्रफुल्ल देसाई प्रकरणात २००३ मध्ये मान्य झाले आहे. मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या दुकानदाराने ते मागायला हरकत नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी ठाण्यात बोलावून ‘असे असे सांग’ म्हणून पढवण्याची पद्धत आहे. ती मदत वाटते, पण घातक आहे. एप्रिल २०२४ मध्ये मणिकंदन विरुद्ध राज्य या तामिळनाडूच्या खटल्यात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठासमोर असेच उघड झाले. साक्षीदारांना आदल्या दिवशी ठाण्यात नेऊन शिकवले होते. न्यायालयाने त्या साक्षींवर विश्वास ठेवायला नकार दिला आणि आरोपी सुटला. दुकानदाराने जायचे तर सरकारी वकिलांकडे जावे, काय विचारणार हे समजून घ्यावे आणि उत्तरे आपलीच द्यावीत.

पिंजऱ्यात आधी सरतपास होतो, सरकारी वकील विचारतात. मग उलटतपास. आपल्या दुकानदाराला विचारले जाणारे प्रश्न मला डोळ्यांसमोर दिसतात. दिवा किती वॅटचा होता? कुठे लावलेला होता? गिऱ्हाईक गल्ल्यापासून किती हात लांब होते? त्या दिवशी एकूण किती गिऱ्हाइके आली? त्यातल्या आणखी कोणाचे वर्णन करता येईल? खरे उत्तर बऱ्याचदा ‘आठवत नाही’ हेच असते. ‘आठवत नाही’ म्हटल्याने साक्ष पडत नाही, अंदाजाने ठोकलेल्या आकड्याने मात्र पडते. मग वकील म्हणतात, डाव्या भुवईवरची खूण तुम्ही पोलिसांना सांगितली नव्हती. तपासात सांगूनही ती लिहिली गेली नसेल तर वऱ्हाडातल्या कोर्टांत रोज ऐकू येणारे उत्तर आहे: “मी पोलिसांना सांगितले होते. त्यांनी का लिहिले नाही, याचे कारण सांगता येणार नाही.” सांगितलेच नसेल तर तसे कबूल करावे. शेवटी ‘तुम्ही शेतकऱ्याच्या सांगण्यावरून खोटे बोलता’ असे सुचवले जाते. तो अपमान नसतो. बचावाला आपले म्हणणे साक्षीदाराच्या तोंडावर मांडावेच लागते. ‘हे खरे नाही’ एवढे उत्तर पुरे.

तपशिलातल्या लहान तफावती साक्ष मारत नाहीत. गुजरातमधल्या भरवाडा भोगिनभाई प्रकरणात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फार समजुतीने मांडले. माणसाची आठवण छायाचित्रासारखी नसते, वेळेचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि खेड्यातला साक्षीदार कोर्टाच्या वातावरणानेच दबून जातो, हे न्यायाधीशांनी लक्षात घ्यावे असे त्यात आहे. गाभा टिकला तर साक्ष टिकते. आपल्या उदाहरणात गाभा एवढाच: समोर उभा असलेला हा माणूस त्या रात्री दुकानावर आला होता.

आणि दुकानदार घाबरून फितूर झाला तर? सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने त्याचीच उलटतपासणी करतात. त्याची सगळी साक्ष रद्द होत नाही, जो भाग खरा वाटेल तो कोर्ट घेऊ शकते. त्याने फक्त पोलिसांचा बिनसहीचा जबाब नाकारला असेल तर तेवढ्याने खोटी साक्ष सिद्ध होत नाही, कारण तो जबाब शपथेवर नसतो. दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर दिलेला जबाब मात्र वेगळा. ज्या साक्षीदाराला फोडले जाईल असे पोलिसांना वाटते, त्याचा असा जबाब ते आधीच नोंदवून घेतात. नवीन संहितेनुसार दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवलाच पाहिजे. शपथेवरची दोन विधाने एकमेकांविरुद्ध गेली की पळवाट उरत नाही. पण या जबाबाचा साक्षीदारालाच फायदा आहे, असे मला वाटते. दबाव आणणाऱ्याला त्याला सांगता येते, “आता माह्या हातात काई नाई, मी कोर्टात शपथेवर सांगून बसलो.”

साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवली जाते. न्यायाधीश मराठीतच सांगतात, लिपिक टंकित करतो, आणि घाईत ‘गल्ल्याजवळ’चे ‘गल्लीजवळ’ होऊ शकते. दुकानदाराने थांबून ऐकावे आणि चूक दिसली तर तिथेच दुरुस्ती मागावी, तो त्याचा अधिकार आहे. मग सही, मग भत्त्याचा कागद. बहुतेक वेळा त्याचे काम इथे संपते. मात्र नवा मुद्दा निघाला तर कोर्ट त्याला पुन्हा बोलावू शकते, म्हणून खटला निकाली निघेपर्यंत समन्सची प्रत आणि धमकीच्या अर्जाच्या पोचपावत्या त्याच उधारीच्या वहीत जपून ठेवाव्यात.